बाईंचा परिचय : दीडशे शब्दांसाठी सात आठवडे

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर झालेल्या बैठकीत स्मरणिका काढायचे ठरले आणि बाईंचा परिचय लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी १९८७ साली बाईंच्या हाताखाली तिसरीत होते, आणि पुढे लातूरला राहूनही त्यांच्याशी संबंध टिकून होता, एवढीच माझी पात्रता. मर्यादा दीडशे शब्दांची आणि सोबत एक छायाचित्र. मजकूर २५ मार्चपर्यंत छापखान्यात द्यायचा होता. मला वाटले, हे एका संध्याकाळचे काम आहे.

२ फेब्रुवारीच्या रविवारी मी ते एका संध्याकाळीच केले. तो पहिला खर्डा इथे जसाच्या तसा देते, कारण पुढचे सगळे त्याच्यामुळेच घडले : “बाईंचा जन्म १ जून १९५० रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. प्रतिकूल परिस्थितीवर मात करून त्यांनी डी.एड. पदवी संपादन केली. आपल्या शाळेच्या त्या पहिल्या शिक्षिका व पहिल्या मुख्याध्यापिका. १९९३च्या भूकंपानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी शाळा सुरू केली. त्यांच्या ३९ वर्षांच्या अखंड सेवेचा गौरव राष्ट्रपती पुरस्काराने झाला.”

वाचायला हे झकास वाटते. अडचण अशी झाली की दुसऱ्या दिवशी मी ते माझ्या धाकट्या भावाला वाचून दाखवले. तो न्यायालयात लिपिक आहे. त्याने कौतुक केले नाही, फक्त प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न विचारला : “हे तुला कोणी सांगितलं?” पाच वाक्यांपैकी चार वाक्यांना माझे उत्तर “असं सगळेच म्हणतात” हे होते. त्या रात्री मी एक दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर एकेक वाक्य लिहिले आणि उजव्या पानावर तीन ओळी मोकळ्या सोडल्या : हे मला कोणी सांगितले, सांगणाऱ्याला ते कसे कळले, आणि याचा कागद कुठे असेल. वहीची किंमत पंचावन्न रुपये. संपूर्ण कामातली सर्वांत उपयोगी खरेदी तीच ठरली.

९ फेब्रुवारीला बसने बाईंच्या गावी गेले. महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट असल्याने अशा खेपा परवडतात. बाई ओसरीत बसून तुरी निवडत होत्या. मी खर्डा वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

“एक जून ही गुरुजींनी लिवलेली तारीख हाय. माझी आई सांगायची, पोलीस ॲक्शन झाल्यावर जी पहिली नागपंचमी आली, त्या दिवशी तू झालीस.”

माझ्या पिढीतल्या कित्येकांच्या आईवडिलांची जन्मतारीख १ जून आहे. शाळा जूनमध्ये उघडत असल्याने प्रवेशाच्या वेळी वय पूर्ण दिसावे म्हणून गुरुजी ती तारीख टाकून मोकळे होत. हे मला ठाऊक होते, तरीही मी ती तारीख ‘जन्म झाला’ या शब्दांसह निःशंकपणे लिहिली होती. हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई सप्टेंबर १९४८ मध्ये झाली. त्यानंतरची पहिली नागपंचमी म्हणजे शके १८७१च्या श्रावणातली, इंग्रजी हिशेबाने १९४९च्या जुलैअखेरीची. म्हणजे बाई कागदापेक्षा जवळपास दहा महिन्यांनी मोठ्या आहेत. इथे वहीत पहिला नवा प्रश्न आला : ही तारीख घडलेल्या गोष्टीची आहे, की नोंद केलेल्या गोष्टीची? दोन्ही तारखांना आपापली जागा असते. बाईंची निवृत्ती कागदावरच्या तारखेनेच ठरली. सरकारी नियमानुसार ज्याची जन्मतारीख महिन्याची एक असते तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ५८ वर्षांच्या हिशेबाने त्या ३१ मे २००८ रोजी निवृत्त झाल्या. निवृत्तीची तारीख जुळली म्हणजे जन्मतारीख खरी ठरली, असे मात्र नव्हे, कारण एक दुसरीवरूनच काढलेली असते. परस्परांना दुजोरा देणारे दोन कागद एकाच मुळातून आले आहेत का, हे पाहायला मी तिथे शिकले.

त्याच वाक्यातला दुसरा दोष बाईंनी नव्हे, घरी परतल्यावर मीच काढला. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. मग १९४९ साली बाई लातूर जिल्ह्यात कशा जन्मतील? मी ‘उस्मानाबाद जिल्ह्यात’ अशी दुरुस्ती करणार होते, तेवढ्यात आणखी एक गोष्ट आठवली. निलंगा तालुका त्या वेळी उस्मानाबादमध्येही नव्हता. उदगीर आणि अहमदपूरसारखाच तो हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बीदर मैसूर राज्यात गेले आणि हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबादला जोडले गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. गाव न हलवता, घराचे दार न बदलता, बाईंनी तीन राज्ये आणि तीन जिल्हे पाहिले. त्यामुळे वहीत तिसरा प्रश्न आला : या जागेचे, पदाचे किंवा परीक्षेचे त्या वेळी नाव काय होते, आणि आज वाचणाऱ्याला त्यातून काय समजेल? दोन्ही लिहावे लागते. फक्त ‘बीदर जिल्हा’ लिहिले तर वाचक बाईंना कर्नाटकात जन्मलेल्या समजेल, आणि फक्त ‘लातूर जिल्हा’ लिहिले तर काळ चुकतो. हाच प्रश्न ‘मॅट्रिक’लाही लावावा लागला. बाई अकरावीची मॅट्रिक झाल्या होत्या, दहावीची शालान्त परीक्षा १९७५ मध्ये आली. आजचा विद्यार्थी मॅट्रिक म्हणजे दहावी असेच धरून चालतो.

‘गरीब’ या शब्दावर बाई खरोखरच नाराज झाल्या. “गरीब कशाला? अठरा एकर जमीन हुती, दोन बैलजोड्या हुत्या. बहात्तरच्या दुष्काळात हाल झाले, ते समद्यांचेच झाले.” मग शिकणे कठीण का गेले, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पुढे निलंग्याला मावशीकडे राहावे लागले आणि मावशीच्या घरातून त्या वर्गात जाणारी ती एकटीच मुलगी होती. ‘प्रतिकूल परिस्थिती’ या दोन शब्दांनी ही सगळी गोष्ट झाकून टाकली होती. तेव्हापासून विशेषण दिसले की मी स्वतःला विचारते : याच्या जागी काय घडले ते लिहिता येईल का? येत नसेल, तर बहुधा मला काही माहीतच नसते.

सेवेच्या तारखांसाठी दुय्यम सेवापुस्तक पाहू, असे ठरले. ते बाईंच्या ट्रंकेत होते. पण पहिली नऊ पाने वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या पानांवरही एक गंमत दिसली : १९८२ पूर्वीच्या नोंदींवर उस्मानाबाद जिल्हा परिषदेचा शिक्का आणि नंतरच्या नोंदींवर लातूरचा. जिल्ह्याच्या विभाजनाचा याहून सोपा पुरावा मला मिळाला नसता. पहिल्या नियुक्तीची तारीख मात्र गेलेल्या पानांत होती, म्हणून मूळ सेवापुस्तकाचा उतारा मागावा लागला.

इथे एक व्यावहारिक सूचना. दुसऱ्याच्या सेवापुस्तकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागू नये, वैयक्तिक माहिती म्हणून ती बहुतेक वेळा नाकारली जाते, आणि मला विचाराल तर नाकारलीही जावी. ज्यांची नोंद आहे त्यांनीच अर्ज करावा. बाईंनी साध्या कागदावर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला, सोबत निवृत्तिवेतन आदेशाची आणि आधार कार्डाची प्रत लावली. मी तो १७ फेब्रुवारीला पंचायत समितीत दिला. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवून तिच्यावर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ते काम मी विसरले आणि कार्यालयाच्या दारातून परत फिरले, म्हणून सांगते. मधे १९ला शिवजयंतीची सुट्टी आली. २४ला चौकशी केली तेव्हा कळले की बाई दुसऱ्या तालुक्यातून निवृत्त झाल्याने पुस्तक तिकडच्या पंचायत समितीत आहे. अर्ज तिकडे पाठवला गेला. सांगण्याजोगे एवढेच की आधी शेवटचे कार्यालय कोणते होते हे विचारले असते तर आठवडा वाचला असता. उतारा १२ मार्चला हाती आला, म्हणजे अर्जानंतर तेविसाव्या दिवशी.

तो वाट पाहण्याचा काळ मी शाळेत घालवला. ‘पहिल्या शिक्षिका’ आणि ‘पहिल्या मुख्याध्यापिका’ ही दोन विधाने मला सर्वांत जास्त प्रिय होती आणि त्यांचा पुरावा सर्वांत कच्चा होता. ‘पहिली’ म्हटले की विचारावे लागते : कोणत्या यादीत, आणि ती यादी कधीपासूनची? कार्यालयाच्या भिंतीवर मुख्याध्यापकांचा नामफलक आहे. त्यावरची नावे १९६१ पासून सुरू होतात, शाळा मात्र १९५० ची. अकरा वर्षे रिकामी आहेत. फलकावरच्या एकोणीस नावांत बाईंचे नाव हे स्त्रीचे पहिले नाव आहे खरे, पण त्याच्या पुढे बारीक अक्षरात ‘प्र.’ लिहिले आहे. ते प्रभारी. बाईंनी १९९१ ते १९९७ या काळात कार्यभार सांभाळला आणि मुख्याध्यापिका म्हणून पदोन्नती मिळाली ती १९९७ मध्ये, दुसऱ्या शाळेत. गावाच्या तोंडी त्या कायम ‘हेडबाई’च होत्या, म्हणून कोणी कधी तो ‘प्र.’ वाचलाच नव्हता.

पहिल्या शिक्षिकेचे विधान तर एका छायाचित्राने पाडले. कपाटात जुने शालेय गटछायाचित्र सापडले, त्यातल्या पाटीवर १९६५-६६ लिहिलेले. मागच्या ओळीत चार टोपीवाले गुरुजी आणि त्यांच्या कडेला नऊवारीतल्या एक बाई उभ्या आहेत. आमच्या बाई शाळेत आल्या त्या १९८६ मध्ये. छायाचित्रातली बाई शिक्षिका नसून कोणाची पत्नी किंवा पाहुणी असू शकते, म्हणून मी त्या वर्षाचे शिक्षकांचे हजेरीपत्रक शोधले. ते निम्मे भिजलेले होते. तरीही चौथ्या रकान्यात ‘श्रीमती’ हा शब्द आणि जुलै ते जानेवारी अशा सात महिन्यांच्या सह्या दिसतात. आडनाव पाण्याने गेले आहे. विधान गेले, त्याचे वाईट वाटले, आणि थोडी लाजही वाटली : माझ्या एका गौरवाच्या वाक्याने मी या अनोळखी बाईंना शाळेच्या इतिहासातून पुसून टाकणार होते.

भूकंपाच्या वाक्याचा निकाल मुलांच्या हजेरीपटाने लावला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बुडवून झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. ‘दुसऱ्याच दिवशी शाळा’ हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. हजेरीपटात १ ऑक्टोबरपासून तांबड्या शाईत आडवी रेघ आहे, ‘भूकंपामुळे शाळा बंद’ असे लिहिलेले, आणि हजेरी पुन्हा सुरू होते ती सोमवार, १८ ऑक्टोबरला. पहिल्या दिवशी ४१ मुलांपैकी १६ हजर. मी बाईंना फोन करून विचारले, तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दुसऱ्या दिशी शाळा कसली गं? दुसऱ्या दिशी आम्ही माणसं काढत हुतो. भिंतीखाली लेकरं गेलेली. शाळा नंतर, पत्र्याच्या शेडात. मला मुलं मोजायला भेव वाटत हुतं.” शेजारच्या गावात त्यांनी काय पाहिले ते त्यांनी सांगितले, पण ते लिहू नको म्हणाल्या. मी लिहिले नाही, इथेही लिहीत नाही. लोकांनी प्रेमाने तयार केलेली दंतकथा किती सहजपणे खऱ्या दुःखावरून पुढे निघून जाते, हे त्या फोननंतर मला बोचत राहिले. अठरा दिवसांनी सोळा मुलांसह शाळा उघडणे ही काही लहान गोष्ट नव्हती, पण ‘दुसऱ्याच दिवशी’ म्हटले की ती दिसेनाशी होते.

पुरस्काराचा कागद घरातच होता, काचेत मढवलेला. जिल्हा परिषदेचा आदर्श शिक्षक पुरस्कार, वर्ष १९९३-९४, प्रदान दिनांक ५ सप्टेंबर १९९४. राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जाणारे शिक्षक पुरस्कारही ५ सप्टेंबरलाच दिले जातात, आणि गावाने तारखेवरून पुरस्कार मोठा केला होता. इथे पुरस्काराचे पूर्ण नाव, देणारी संस्था आणि कोणत्या वर्षासाठी, या तीन गोष्टी प्रमाणपत्रावरून जशाच्या तशा उतरवाव्यात. वर्ष आणि प्रदानाचे वर्ष वेगळे असते, ते एकमेकांत मिसळू नये.

१२ मार्चच्या उताऱ्याने शेवटचा आकडा सुटला. रुजू होण्याची तारीख १४ जुलै १९६९, पद अप्रशिक्षित सहशिक्षिका. तिथून ३१ मे २००८ पर्यंत ३८ वर्षे आणि साडेदहा महिने होतात, ३९ नव्हेत. जून १९७२ ते एप्रिल १९७४ प्रशिक्षण, त्यातून डी.एड., आणि ती पदविका आहे, पदवी नव्हे. शिवाय १९७८-७९ मध्ये अकरा महिने असाधारण रजा. मी बिचकले, ‘अखंड’ गेले वाटले. पण न्यायालयातल्या भावाने सांगितले की सेवाखंड आणि असाधारण रजा या वेगळ्या गोष्टी आहेत. रजा मंजूर असेल तर सेवा खंडित होत नाही. म्हणजे ‘अखंड सेवा’ नियमाने खरे आणि ‘अखंड शिकवले’ खोटे. रजेचे कारण मी बाईंना विचारले. त्यांनी सांगितले, आणि ते स्मरणिकेत नको असेही सांगितले. वहीतला शेवटचा प्रश्न त्यातून आला : ही गोष्ट खरी आहे म्हणून लिहायची, की ज्याची आहे त्याला चालेल म्हणून? ‘अखंड’ हा शब्दच काढला, म्हणजे त्यामागे काय आहे असे कोणी विचारणार नाही.

२० मार्चला उरलेला परिचय असा झाला : “शालेय नोंदीनुसार जन्म १ जून १९५०, घरच्या आठवणीनुसार १९४९ ची नागपंचमी. जन्मगाव निलंगा तालुक्यात, जो त्या वेळी हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता व आज लातूर जिल्ह्यात आहे. चौथीनंतर निलंग्यास मावशीकडे राहून अकरावीची मॅट्रिक. १४ जुलै १९६९ रोजी सहशिक्षिका म्हणून रुजू; १९७४ मध्ये डी.एड. पदविका. १९८६ ते १९९७ आपल्या शाळेत, त्यातील शेवटची सहा वर्षे प्रभारी मुख्याध्यापिका. शाळेच्या नामफलकावर १९६१ पासूनच्या नावांत स्त्रीचे पहिले नाव त्यांचे आहे. भूकंपानंतर १८ ऑक्टोबर १९९३ रोजी पत्र्याच्या शेडमध्ये सोळा मुलांसह त्यांनी वर्ग पुन्हा भरवले. जिल्हा परिषदेचा आदर्श शिक्षक पुरस्कार, १९९३-९४. ३१ मे २००८ रोजी निवृत्त.” बाईंना तो वाचून दाखवला. मावशीचे नाव घालता येईल का, एवढेच त्यांनी विचारले. घातले.

एकूण खर्च आठशे साठ रुपये झाला : वही, पाच खेपांची एस.टी., झेरॉक्स आणि एकदा शाळेच्या शिपायासोबतचा चहा, ज्याने कपाटाची चावी शोधून दिली. समितीतल्या एका सदस्याला परिचय ‘कोरडा’ वाटला. मी वाद घातला नाही, फक्त मुद्रित पाहायला मागितले, आणि ते बरे झाले, कारण छायाचित्राखालच्या ओळीत कोणीतरी ‘राष्ट्रपती पुरस्कारप्राप्त’ परत आणून ठेवले होते. मजकूर तपासला जातो, छायाचित्राखालची ओळ कोणी तपासत नाही. ती काढली आणि मुद्रितावर सही केली.

वही आता शाळेच्या कार्यालयात आहे. तिच्या एका डाव्या पानावर १९६५-६६ च्या छायाचित्रातल्या शिक्षिकांविषयी एकच वाक्य लिहिले आहे, “त्या जुलै ते जानेवारी या शाळेत होत्या,” आणि समोरच्या उजव्या पानावर हजेरीपत्रकाचा उल्लेख सोडून बाकी ओळी रिकाम्या आहेत. तालुक्याच्या अभिलेख कक्षात त्या वर्षाची नियुक्तिपत्रे असतील का, हे विचारण्यासाठी मी पुढच्या सोमवारी जाणार आहे.